स्टोरेज चार्ज म्हणजे नवं थेर? बडोद्याच्या ड्रोनवाल्यांनो, बोला

गच्चीवरचा_गरुड (मूळ पोस्ट)
सहा वर्षं झाली, पिवळ्या प्लगनेच पॅक चार्ज करतो. ती पांढरी वायर कधी लावली नाही. पॅक कायम फुल्ल करून ठेवतो, मनात आलं की गच्चीवर जाऊन उडवतो. ही स्टोरेज चार्जची भानगड चार्जर विकणाऱ्यांनी काढली आहे. कोणी पटवून दाखवा.

प्रॉपतोड्या
हे वाचून माझा चहा गार झाला. इथे नवीन पोरं वाचतात म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

मीही असाच शहाणा होतो. दोन वर्षांपूर्वी 13 जानेवारीच्या रात्री फोर-एसचे, पंधराशे एमएएचचे चार पॅक फुल्ल केले. उत्तरायणाला वरून पतंगांचं शूटिंग करायचं होतं. सकाळी गच्चीवर गेलो तर आभाळात नुसता मांजा. उडवलं असतं तर पहिल्याच मिनिटाला मोटरला गुंडाळला असता. मग उंधियू हाणला, पॅक माळ्यावर टाकले आणि विसरलो. आमचा माळा म्हणजे तापलेला स्लॅब आणि खाली हवा नाही. मे महिन्यात काढले तेव्हा दोन पॅक उशीसारखे फुगलेले, एकाचा कनेक्टर उंदराने कुरतडलेला आणि चौथा दिसायला अगदी ठणठणीत.

तो चौथा मी तुझ्यासारखाच पिवळ्या प्लगने लावला. चार्जर म्हणाला 16.80, फुल्ल. सहज म्हणून पांढऱ्या कनेक्टरवर मीटर लावला तर सेल निघाले 4.12, 4.13, 4.27 आणि 4.28. बेरीज करून बघ, बरोबर 16.80 येते. चार्जर खोटं बोलला नव्हता. त्याला फक्त बेरीज दिसत होती. दोन सेल उपाशी आणि दोन 4.20 च्या वर, म्हणजे जिथे जायलाच नको तिथे. अशा सेलमध्ये गॅस धरतो, पुढे काय होतं ते तुला माहीत आहे. पांढरी वायर लावून LiPo BALANCE वर ठेवलं असतं तर चार्जरने भरलेल्या सेलमधला थोडा थोडा करंट जाळून बाकीच्यांना गाठू दिलं असतं. शेवटी वीस मिनिटं जास्त लागतात. तेवढीच काय ती तुझी भानगड.

मांडवीकर_एम
उगाच घाबरवू नका. माझ्या घडीच्या ड्रोनची बॅटरी फुल्ल ठेवली तरी काही दिवसांनी आपोआप खाली उतरते. जरा कोमट लागते एवढंच. तीन वर्षं झाली, फुगली नाही. स्टोरेज वगैरे काही करावं लागत नाही.

प्रॉपतोड्या
अरे बाबा, तुझ्या बॅटरीच्या पोटात सर्किट आहे. ते बॅलन्सही करतं आणि उतरवतंही. आमचे पॅक म्हणजे चार उघडे सेल आणि वर प्लास्टिकचा गुंडाळा. तुझं तुझ्यापुरतं खरं आहे, पण गरुडाला सांगू नकोस.

नाना_दांडियाबाजार
मी पॅक पूर्ण उतरवून ठेवतो. वीज नाही तर आग नाही. साधा हिशेब.

प्रॉपतोड्या
नाना, आग नाही हे मान्य, पण पॅकही राहत नाही. सेल पडल्या पडल्या थोडा थोडा उतरतच असतो. तुम्ही 3.3 वर ठेवलात, दोन महिन्यांत 3.0 च्या खाली गेला की चार्जर त्याला ओळखच देत नाही. म्हणून मध्ये ठेवायचा, सेलमागे 3.80 ते 3.85, म्हणजे अख्ख्या पॅकला 15.2 ते 15.4. तिथे फुल्लसारखी आतली झीजही होत नाही आणि खाली पडायला जागाही उरते.

नाना_दांडियाबाजार
माझे पॅक पाच वर्षं जिवंत आहेत. कारण फ्रीज! मेमध्ये घरात चाळीसच्या पुढे पारा, तिथे तुमचं 3.85 काय करणार? डब्यात घालून भाजीच्या कप्प्यात.

अलकापुरीची_आई
अच्छा, हे कोणी शिकवलं ते कळलं. माझ्या पोराने श्रीखंडाच्या डब्याशेजारी चार बॅटऱ्या ठेवल्या आहेत. मी विचारायला आले होते की पावसाळ्यात फ्रीजमधलं खाणं खराब होतं का बॅटरीने? आणि इथे मोठी माणसंच असं सांगतात.

नाना_दांडियाबाजार
ताई, श्रीखंडाला काही होत नाही.

अलकापुरीची_आई
नाना, होत नाही म्हणजे? गळली तर? तुमच्या घरी फ्रीज कोण आवरतं ते सांगा आधी.

मांडवीकर_एम
😂 नाना गेले.

प्रॉपतोड्या
थंडीने झीज कमी होते, नाना तिथे चुकत नाहीत. (लिहायला जड जातंय.) पण थंडगार पॅक बडोद्याच्या जुलैच्या हवेत काढलात तर मिनिटभरात त्यावर दव धरतं, कनेक्टरवर पाणी. बंद पिशवीत ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर दोन-तीन तास पिशवी उघडायची नाही. गार असताना चार्जला तर लावायचाच नाही. आणि फुगलेला पॅक खाण्याच्या फ्रीजमध्ये अजिबात नको. एवढं सांभाळण्यापेक्षा मी तळमजल्यावर जिन्याखाली ठेवतो.

नाना_दांडियाबाजार
ज्यांना जिना आहे त्यांनी जिन्याखाली ठेवावं. मी चौथ्या मजल्यावर राहतो. दव-बिव मला कधी दिसलं नाही.

प्रॉपतोड्या
दिसलं नाही कारण तुमचे डबे बंद असतात. तेच म्हणतोय ना मी!

गच्चीवरचा_गरुड
फ्रीज सोडा हो. समजा मी फुल्ल केले आणि पाऊस आला. उतरवायचे कसे? चार्जरवर LiPo STORAGE लावलं तर रात्र जाते. माझ्याकडे एवढा वेळ नाही.

प्रॉपतोड्या
हे मात्र खरं. छोटा चार्जर 5 वॉटने उतरवतो. पंधराशेच्या फोर-एसमधली निम्मी वीज म्हणजे साधारण 12 वॉट-तास, सव्वादोन-अडीच तास गेले. मी गाडीचे 12 व्होल्टचे, 21 वॉटचे दोन बल्ब एकामागे एक जोडून लावतो. अर्ध्या तासात काम होतं. मात्र उठून जायचं नाही. एकदा दार वाजलं, शेजाऱ्याशी बोलत बसलो आणि पॅक 2.6 वर नेऊन मारला. तेव्हापासून सेल खाली गेला की शिट्टी मारणारा छोटा अलार्म लावतो.

गच्चीवरचा_गरुड
आत्ता मीटर लावला. परवा भरलेला पॅक: 4.23, 4.24, 4.08, 4.23. जुना आहे, चालायचंच.

प्रॉपतोड्या
चालायचं नाही. आत्ता बल्बवर खाली घे, फरशीवर मातीच्या कुंडीत ठेवून, आणि तिथेच बस. मग 1.5 अँपिअरने BALANCE वर भर आणि दोन दिवस ठेवून पुन्हा मोज. तिसरा सेलच परत खाली आला तर तोच चोर, पॅक निकालात काढ. नाही आला तर फक्त बॅलन्स बिघडलेला होता. तसंही रोज पांढरी वायर लावच असं मी म्हणत नाही. सेल एकमेकांच्या जवळ आहेत हे मोजून माहीत असेल तर एखादा फेरा सोडला तरी चालतो. तू सहा वर्षांत एकदाही मोजलं नव्हतंस.

गच्चीवरचा_गरुड
बल्ब आणायला निघालोय. तू बरोबर आहेस असं मी म्हटलेलं नाही.

अलकापुरीची_आई
आमच्या बॅटऱ्या फ्रीजमधून काढल्या, पिशवीसकट. आता नाना, तुमच्या घरचा नंबर.

नाना_दांडियाबाजार
माझा फ्रीज वेगळा आहे.