चार बाजारांचा तक्ता: नेमका गोंधळ कुठे होतो

> उद्या पेपर आहे. मक्तेदारी आणि मक्तेदारीयुक्त स्पर्धा, दोन्हींचा मागणी वक्र उतरताच. मग फरक लिहायचा कुठे?

प्रवेशाच्या रकान्यात. बाकीचं त्यातूनच निघतं.

| बाजार | विक्रेते | प्रवेश | मागणी वक्र | दीर्घकाळातला नफा |
|---|---|---|---|---|
| पूर्ण स्पर्धा | असंख्य | खुला | आडवा | सामान्य |
| मक्तेदारीयुक्त स्पर्धा | बरेच | खुला | उतरता, लवचीक | सामान्य |
| अल्पाधिकार | मोजके | अवघड | अनिश्चित | बहुधा जादा |
| मक्तेदारी | एक | बंद | उतरता, कमी लवचीक | जादा राहू शकतो |

वक्र उतरता असला की काय होतं ते आकड्यांत बघ. १० रुपयांना एक नग खपतो, ९ ला दोन. एकूण प्राप्ती १० वरून १८ झाली, म्हणजे सीमांत प्राप्ती ८, किंमत मात्र ९. म्हणून दोन्ही बाजारांत MR हा AR च्या खाली काढायचा. पूर्ण स्पर्धेत दोन्ही एकच रेषा.

आता साबणाचा बाजार घे. एका ब्रँडला जादा नफा दिसला की नवे ब्रँड घुसतात, जुन्याची गिऱ्हाइकं फुटतात आणि त्याचा मागणी वक्र डावीकडे सरकतो. सरासरी खर्चाच्या वक्राला तो नुसता स्पर्श करतो तिथे जादा नफा संपतो. मक्तेदाराकडे कुणी घुसूच शकत नाही, त्यामुळे त्याचा वक्र असा सरकत नाही. आकृतीत हा स्पर्शबिंदू हमखास दाखव. बरेच जण तिथे छेद दाखवतात.

अल्पाधिकारात बाकदार मागणी वक्र काढलास तर जपून लिही: किंमत एका जागी का टिकते एवढंच तो सांगतो, ती मुळात कशी ठरली हे नाही.