मदत हवी आहे: बोर्डावर लिमिट लावलं आणि सायकल टाइम उलट वाढला

बंदरवाला
रत्नागिरीत बोटींच्या इंजिनांचं गॅरेज आहे, मी आणि मोठा भाऊ, दोन मेकॅनिक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सगळ्यांची इंजिनं आत्ताच येतात आणि प्रत्येकाला १ ऑगस्टच्या आत हवी असतात. भिंतीवर पांढरा बोर्ड आहे, रांग, खोललं, पार्टसाठी थांबलं, बसवणी, ट्रायल, आणि प्रत्येक इंजिनाची चिठ्ठी. जूनअखेर १८ इंजिनं उघडी पडली होती, आठवड्याला साधारण सहा बाहेर जातात, उघडल्यापासून द्यायला सरासरी २०-२१ दिवस. मग ठरवलं की खोललं, बसवणी, ट्रायल मिळून नऊच्या वर जायचं नाही. गेल्या आठवड्यात दिलेल्या सहा इंजिनांचे दिवस बघा: ३८, ४१, ३५, ४४, ६, ८. सरासरी जवळपास २९! भाऊ म्हणतो बोर्ड पुसून टाक. लिमिट चुकीचं आहे का?

आकडेमोड्या
सरासरी घेऊच नका, मधला आकडा घ्या, एखाददुसरं रखडलेलं इंजिन सरासरी बिघडवतं. आणि नियम साधा आहे, उघडी इंजिनं भागिले आठवड्याला जाणारी. १८ भागिले ६ म्हणजे तीन आठवडे, ९ भागिले ६ म्हणजे दीड. आठवडाभरात दिसेल.

खाडीपलीकडची
मधला आकडा काढला तर ३६.५ येतोय हो, सरासरीपेक्षाही वाईट 🙂 सहातली चार जुनी आहेत, एखाददुसरं नाही.
बंदरवाला भाऊ, हे असंच व्हायला हवं होतं. तुम्ही दिवस मोजता इंजिन बाहेर जातं तेव्हा. लिमिटमुळे नवीन उघडणं थांबलं म्हणून मेकॅनिक मेच्या शेवटापासून पडलेल्या इंजिनांकडे वळले, ती सुटली आणि त्यांचं म्हातारपण या आठवड्याच्या हिशेबात पडलं. जुना साठा संपेपर्यंत ही सरासरी लिमिटबद्दल काही सांगत नाही, आणि तो भागाकारही तोपर्यंत नीट लागत नाही, कारण तो येणं-जाणं सारखं असतानाचा आहे.
पण ६ आणि ८ बघूनही खूश होऊ नका. लिमिटनंतर उघडलेल्यांपैकी जी झटपट झाली तीच आत्ता सुटलेली दिसणार, रखडणारी अजून आतच आहेत. म्हणून रोज सकाळी उघड्या चिठ्ठ्यांवर आजचं वय लिहा. सगळ्यात म्हातारी चिठ्ठी किती दिवसांची आहे, तो आकडा खाली येतोय का ते बघा.
आणि एक विचारते, पार्टसाठी थांबलेली किती आहेत?

काजूवाला_सावंतवाडी
आमच्याकडे काजू फोडणीला बोर्ड केला होता, दोन दिवसांत पोरांनी जास्तीच्या चिठ्ठ्या खिशात ठेवायला सुरुवात केली. कोणतं अ‍ॅप वापरता? मोबाइलवर असतं तर बरं.

बंदरवाला
अ‍ॅप नाही, मार्कर आहे. ताई, पार्टसाठी सात. ती लिमिटमध्ये धरली नाहीत कारण पार्ट मुंबईहून यायचा असेल तर आमच्या हातात काय आहे.

खाडीपलीकडची
मग तुमच्याकडे नऊ नाही, सोळा उघडी आहेत. १६ भागिले ६ म्हणजे सुमारे १९ दिवस, आधीच्या २१ पेक्षा थोडंच कमी. घड्याळ त्या सातांवरही चालूच आहे. शिवाय तो कोपरा मोकळा असला की अडलेलं इंजिन तिकडे सरकवून नवीन खोलायची वाट खुली राहते, काजूवाल्यांचा खिसाच तो.
तिथेही तीनचं लिमिट लावून बघा. तीन भरली की नवीन खोलायचं नाही, एकाने पार्टवाल्याला फोन लावायचा, दुसऱ्याने ट्रायलला हात लावायचा. आणि खोलायच्या आधी जितकं कळतं तितकं बघून घ्या, कॉम्प्रेशन तपासायला इंजिन पूर्ण उघडावं लागत नाही. त्यावरून पार्ट आधीच मागवता आला तर इंजिन रांगेतच थांबेल, बाकावर नाही.

आकडेमोड्या
पण मग रांगेत थांबणं वाढलं ना? बोटवाल्याला काय फरक, त्याचं इंजिन गॅरेजातच आहे.

खाडीपलीकडची
हे बरोबर. आठवड्याला सहाच जात असतील तर आल्यापासूनचे दिवस फारसे घटणार नाहीत, बोर्डावरचा आकडा मात्र छान दिसेल. म्हणून चिठ्ठीवर दोन तारखा टाका, आलं ती आणि खोललं ती. सहाचे सात होतात का हे खरं बघायचं. होतील असं मला वाटतं, अर्धवट उघड्या इंजिनांचे नट-बोल्ट शोधण्यात बराच वेळ जातो, पण तुमच्याकडे किती जातो ते मला इथून सांगता येणार नाही.

बंदरवाला
दोन तारखा आजपासून टाकतो. पार्टच्या कोपऱ्यात तीन म्हटल्यावर भाऊ म्हणाला, मेकॅनिक रिकामा बसलेला मला चालणार नाही आणि २० जुलैनंतर बोटवाले दारात उभे असतात तेव्हा कोणाला नाही म्हणणार. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. शेवटच्या दहा दिवसांत लिमिट वाढवलं तर सगळं मुसळ केरात जाईल का?

काजूवाला_सावंतवाडी
घाईच्या दिवसांत आम्ही एक जागा मुद्दाम मोकळी ठेवायचो, फक्त अडलेल्या गिऱ्हाईकासाठी. ती कोणाला द्यायची यावरून मात्र रोज भांडण.