मदत हवी आहे : घरी मोबाइलवर निरूपण रेकॉर्ड करताना आवाज घुमतो

बाळीवेसकर

सर्वांना नमस्कार. आम्ही सोलापुरात बाळीवेशीच्या भागात राहतो. माझे वडील निवृत्त शिक्षक असून त्यांचा आवाज खर्जातला आहे. सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांविषयी त्यांनी स्वतः लिहिलेले निरूपण श्रावणी सोमवारांसाठी रेकॉर्ड करून नातेवाइकांना पाठवायचे आहे. ऐकणाऱ्यांमध्ये बरीच वयस्कर मंडळी आहेत आणि त्यांना शब्द स्पष्ट ऐकू येणे फार गरजेचे आहे.

खोली १० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. खाली शाहाबादी फरशी, वर स्लॅब आणि भिंतींना ऑइल पेंट आहे. नाना खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसतात आणि मोबाइल समोरच्या टेबलावर साधारण दोन फुटांवर ठेवतात. मी नानांच्या समोरच्या भिंतीवर दोन सोलापुरी चादरी खिळ्यांनी ताणून लावल्या आहेत, तरी आवाज घुमतोच. ‘शिवलिंगाच्या’ म्हटल्यावर त्यातला ‘च्या’ लांबत जातो आणि पुढच्या शब्दाची सुरुवात त्याखाली झाकली जाते. आणखी किती चादरी लावाव्या लागतील? शेजारच्या गल्लीतील यंत्रमागाचा आवाजही त्यांनी कमी होईल का?

पेठेतला

चारही भिंती चादरींनी पूर्ण झाका आणि छताला अंड्यांचे ट्रे चिकटवा. कापड आवाज शोषते, त्यामुळे जितके कापड जास्त तितकी घूम कमी, हे मी स्वतः अनुभवले आहे. खिडकीवर जाड गोधडी टाकली की मागाचा आवाजही आत येणार नाही.

टाळकरी

माझे मत थोडे वेगळे आहे. भक्तीच्या रेकॉर्डिंगला गाभाऱ्यासारखी गुंज असली तर ऐकणाऱ्याचे मन लागते. आमच्या भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये आम्ही ती मुद्दाम घालतो. आमची अडचण वेगळीच आहे. टाळ वाजले की मोबाइलवरचे गाणे दबते आणि टाळ थांबले की एकदम वर येते. त्यावर काही उपाय असल्यास तोही कृपया सांगावा.

जुना माइक

बाळीवेसकर, चादरी किती आहेत यापेक्षा त्या कुठे टांगल्या आहेत, हे आधी पाहावे लागेल. मोबाइलचा माइक जवळजवळ सर्व बाजूंचे ऐकतो. नानांचा आवाज समोरच्या भिंतीवर आदळतो हे खरे आहे, परंतु तेथून आणि बाजूंनी परतलेला आवाज त्यांच्या पाठीमागच्या उघड्या भिंतीवरून पुन्हा माइककडे येतो. तुमच्याकडे दोनच जाड वस्तू असतील, तर त्यांतली एक नानांच्या पाठीमागे हवी.

दुसरी गोष्ट अशी की, चादर भिंतीला चिकटवून ताणू नये. कापडाच्या धाग्यांतून हवा हलते तेव्हा होणाऱ्या घर्षणात आवाज जिरतो, आणि भिंतीला लागून असलेल्या थरात हवा जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे चिकटवलेली चादर फक्त वरच्या पट्टीतला चिरका भाग खाते. तीच चादर दुहेरी करून, चुण्या पाडून, भिंतीपासून चार-पाच इंच पुढे दोरीवर टाकली तर तिचा उपयोग बराच वाढतो. पाठीमागे कापसाची गादी उभी केली तर फारच उत्तम. अंड्यांच्या ट्रेंमध्ये मात्र वेळ घालवू नये, कारण पातळ पुठ्ठा बोलण्याच्या आवाजाला फारसा अडवत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अंतर. मोबाइल दोन फुटांवरून वीतभर अंतरावर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरवर आणावा. थेट आवाज सुमारे साडेनऊ डेसिबलने वाढेल आणि खोलीची घूम होती तेवढीच राहील. केवळ या एका बदलाने चार चादरींचे काम होते. मोबाइल तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, तिरका ठेवावा, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’ उच्चारताना श्वासाचा धप्पा बसेल. टेबलावर घडी घातलेली गोधडी अंथरावी, कारण टेबलाच्या पृष्ठावरून परतणारा आवाज थेट आवाजात मिसळून तो पोकळ करतो.

यंत्रमागाविषयी स्पष्ट सांगतो. खोलीत उमटलेला आवाज जिरवणे आणि बाहेरचा आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पेठेतला यांचे पहिले म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण खिडकीवरची गोधडी मागाचा खडखडाट अडवणार नाही. त्यासाठी वजनदार आणि फटी नसलेला अडथळा लागतो.

टाळकरी, गुंज नंतर कधीही घालता येते, पण रेकॉर्डिंगमध्ये मिसळलेली घूम नीट काढता येत नाही. तुमच्या अडचणीत मोबाइल स्वतःच आवाजाची पातळी खालीवर करत आहे, असे वाटते. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

बाळीवेसकर

मनापासून आभार. काल पहाटे पाच वाजता सगळे करून पाहिले. आधी रिकाम्या खोलीत टाळी वाजवली, तेव्हा भिंतींमधून ‘टर्रर्र’ असा बारीक आवाज ऐकू आला. नानांच्या पाठीमागे गादी उभी केली आणि दोन्ही बाजूंना दोरीवर दुहेरी चादरी सोडल्या, तेव्हा तो नाहीसा झाला. मोबाइल वीतभर अंतरावर आणल्यावर ‘शिवलिंगाच्या’ हा शब्द तुटक आणि स्वच्छ आला, आणि नानांनी तो ऐकून पुन्हा लावायला सांगितला.

एक दोष मात्र राहिला आहे. नाना खालच्या पट्टीत गेले की काही अक्षरे ढोलासारखी फुगतात. ‘ओम्’चा शेवट तर खोलीभर भरून राहतो. शिवाय पंखा बंद आणि भोवती गादी-चादरी, यामुळे दहा मिनिटांत नाना घामाघूम होतात.

जुना माइक

हा फुगवटा चादरींनी जाणार नाही, कारण इतक्या खालच्या आवाजासाठी त्या फारच पातळ आहेत. दहा फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ११० ते ११५ हर्ट्झचा आवाज साचतो, आणि पुरुषाचा खर्ज नेमका तेथेच असतो. तुमच्या खोलीची लांबी आणि रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांचा फुगवटा एकाच जागी येतो आणि खोलीच्या मधोमध तो सर्वाधिक असतो. खुर्ची आणि मोबाइल दोन्ही सरकवून माइक लगतच्या दोन भिंतींपासून सुमारे अडीच-अडीच फुटांवर येईल असे पाहावे. तेथे हा ठरावीक फुगवटा सर्वांत कमी मिळतो.

उकाड्यावर माझ्याकडे उपाय नाही. पाच-सहा मिनिटांचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी कोणी न बोलता दहा सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवावे, म्हणजे तुकडे जोडताना मधल्या जागा भरता येतात.

पेठेतला

उरलेला मागाचा आवाज अ‍ॅपमधील गोंगाट कमी करण्याच्या सोयीने काढता येईल की. मी तीच वापरतो.

जुना माइक

पंख्यासारखा एकसारखा आवाज असेल तर थोडा कमी होतो. मागाचा ठोका मात्र सतत बदलता असतो, आणि ती सोय जास्त वापरली की बोलणारा पाण्याखालून बोलतो आहे असे वाटू लागते. ‘स’ आणि ‘श’ यांची धार आधी जाते. मी माग बंद असतानाच रेकॉर्ड करेन.

बाळीवेसकर

आज खुर्ची कोपऱ्याकडे अडीच फुटांवर नेली. ‘ओम्’ बराच आवरला आहे, पूर्ण नाही. पहिला भाग आम्ही याच मांडणीत करू. माग पहाटे साडेपाचला सुरू होतात, त्याआधी पाऊण तास मिळतो आणि त्यात दोन तुकडे होतात. एक शंका अजून राहिली आहे. मोबाइल मधल्या शांत जागांमध्ये खोलीचा सूं-सूं आवाज हळूहळू वर आणतो, तो थांबवण्याची सोय आमच्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही. रेकॉर्डिंग WAV मध्येच आहे. कोणी अशा मोबाइलवर हे बंद केले असल्यास कृपया सांगावे.