६४ हजारांचा रेझिस्टन्स: कँडल म्हणते चारदा, पॉइंट अँड फिगर म्हणतो दोनदा

देवगड_पवनचक्की
बिटकॉइनचा पॉइंट अँड फिगर काढायला घेतलाय. बॉक्स १,००० डॉलर, म्हणजे भाव चढताना दर हजाराला एक एक्स आणि उतरताना एक ओ. रिव्हर्सल ३ बॉक्सचं, म्हणजे भाव तीन बॉक्स उलटा फिरला की नवा कॉलम. डेटा रोजचा हाय-लो. समजायला सोपं जावं म्हणून खाली नमुन्याचे आकडे दिलेत, पहिल्या दिवसाआधीपासून एक्सचा कॉलम चालू आहे असं धरा. कँडलवर पहिल्या पाच दिवसांत चार दिवसांचा हाय ६४ हजारांच्या वर जाऊन परत आलेला दिसतो. पॉइंट अँड फिगरवर मात्र ६४ ला एक्सचे दोनच कॉलम थांबतात आणि सहाव्या दिवशी ब्रेकआउट येतो. रेझिस्टन्स चारदा लागला की दोनदा? आणि वेळेचा गोंगाट जातो म्हणतात, तो खरंच जातो का?

```
दिवस   हाय      लो
1     64,700   62,300
2     64,900   61,400
3     64,200   60,800
4     63,600   60,400
5     64,950   61,900
6     65,100   60,700
```

कर्लीकाठ
दोनदा. दुसऱ्या दिवशी भाव ६४,९०० ला गेला, पण त्याआधी तो तीन बॉक्स खाली आलाच नव्हता, मग ती वेगळी धडक कशी धरणार? लाट एकच, पाणी जरा जास्त वर आलं इतकंच. या चार्टमध्ये वेळ नसतेच, म्हणून गोंगाटही नाही. ६५ ला एक्स पडला की डबल टॉप ब्रेकआउट, घ्यायचं. डोकं लावायचं काम नाही.

मिऱ्या_बंदर
मोजणीचं बरोबर आहे, "वेळ नसतेच" हे मात्र नाही. आडव्या अक्षावर वेळ नसते, पण डेटा रोजचा घेतला की ती मागच्या दाराने घरात येते. सहाव्या दिवसाकडे नीट बघा.

पाचव्या दिवशी आपण एक्सच्या कॉलममध्ये आहोत, वरचा एक्स ६४ ला. हाय-लो पद्धतीत एक्सचा कॉलम चालू असेल तर आधी हाय बघायचा. नवीन बॉक्स भरला तर तो काढायचा आणि त्या दिवसाचा लो सोडून द्यायचा. सहाव्या दिवशी हाय ६५,१०० आहे, म्हणून ६५ चा एक्स पडला आणि ६०,७०० चा लो कुठेच आला नाही:

```
65     X
64 X   X
63 X O X
62 X O X
61 X O
```

एका दिवसात ४,४०० डॉलरची हालचाल झाली, त्यातली फक्त वरची बाजू चार्टवर उरली. आता समजा त्या दिवशी भाव आधी ६०,७०० ला गेला आणि नंतर ६५,१०० ला आला. तासाच्या डेटावर ६१ हजार ओलांडून खाली आल्याबरोबर ओचा कॉलम लागेल, ६४ ला परत आल्यावर एक्सचा, आणि तोच पुढे ६५ ला जाईल:

```
65         X
64 X   X   X
63 X O X O X
62 X O X O X
61 X O   O
```

हा ट्रिपल टॉप झाला. हाय तोच, लो तोच, मोजणी मात्र दोनाऐवजी तीन. उलट, आधी ६५,१०० आणि मग ६०,७०० असा क्रम असेल तर तासाच्या चार्टवर ब्रेकआउटला लागूनच ६४ पासून ६१ पर्यंत ओ उतरलेले दिसतील. रोजच्या चार्टवर ते दिसायला सातव्या दिवशीही भाव ६२ हजारांना किंवा त्याखाली यावा लागेल. तोपर्यंत तो वर सटकला, तर तुमच्या चार्टपुरती ती पडझड झालीच नाही.

शेअर बाजारात रात्री दुकान बंद होतं, त्यामुळे दिवस हा निदान खरा तुकडा असतो. क्रिप्टोत दिवस शून्य तास यूटीसीला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. त्या वेळी मिरकरवाड्यावर मासे उतरत असतात, पण बिटकॉइनच्या बाजारात काहीच उघडत नाही की बंद होत नाही. ही रेघ माणसाने ओढलीय. ती मध्यरात्रीवर सरकवली की हाय-लोच्या जोड्याच बदलतात.

कर्लीकाठ
हे मान्य. सहाव्या दिवसाचा क्रम मी बघितलाच नव्हता. पण मग तासाचा डेटा घेऊन काढा, प्रश्न मिटला.

मिऱ्या_बंदर
बराचसा मिटतो. एका तासात तीन बॉक्सची दोन्हीकडची उलथापालथ क्वचित होते, त्यामुळे क्रम हरवत नाही. पण मग एकाच एक्सचेंजवर दोन मिनिटांसाठी लागलेली कँडलची लांब विकसुद्धा अख्खा कॉलम उभा करू शकते. क्लोजवर काढलं तर ती विक गळते, मात्र रोजचा क्लोज म्हणजे परत तीच साडेपाचची रेघ. माझ्या मते तासाचा क्लोज आणि १,००० चा बॉक्स ही त्यातल्या त्यात बरी जोडी. यावर वाद होऊ शकतो.

गुहागर_चढण
वाद आहेच. तुम्ही सगळे वेळेला गोंगाट म्हणून मोकळे झालात. ६४ हजारांवर सहा दिवसांत दोनदा भाव परतला आणि ६४ हजारांवर सहा महिन्यांत दोनदा परतला, ही दोन चित्रं या चार्टवर अगदी सारखी दिसतात. दोन्हींत अडकलेली माणसं सारखी आहेत का? सहा महिन्यांत निम्मे विकणारे बाजारातून निघूनही गेले असतील.

शिवाय पर्पेच्युअल फ्यूचर्समध्ये वेळेला सरळ पैसे पडतात. बऱ्याच ठिकाणी फंडिंग दर आठ तासांनी कापतात. दर ०.०१ टक्का धरला तर महिन्याला पोझिशनच्या ०.९ टक्के, आणि पाचपट लिव्हरेज असेल तर मार्जिनच्या साडेचार टक्के. चार्टवर त्या महिन्यात एकही खूण पडली नसेल, पण खात्यातून पैसे गेलेले असतील. जुने लोक कागदावर हा चार्ट काढायचे तेव्हा नवीन महिन्याची पहिली खूण पडेल त्या बॉक्समध्ये एक्स-ओऐवजी महिन्याचा आकडा लिहायचे, ऑक्टोबरपासून ए, बी, सी. वेळ इतकी निरुपयोगी असती तर त्यांनी ती खटपट कशाला केली असती?

कुडाळचो_बाबलो
माका एक सांगा. मी रुपयातलोच चार्ट बघतंय. बॉक्स दोन लाखाचो धरलंय तर महिनाभर कायच नाय घडला. पंचवीस हजाराचो धरलंय तर रोज कॉलमच कॉलम. हो ६४ हजार माझ्या अ‍ॅपार खंय शोधूचो?

मिऱ्या_बंदर
बाबल्या, रुपयाच्या भावात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: बिटकॉइन, डॉलरचा दर आणि इथल्या एक्सचेंजवरचा वरखाली होणारा प्रीमियम. बिटकॉइन जागेवर असतानाही रुपयातला भाव बॉक्स ओलांडू शकतो, आणि तो सपोर्ट-रेझिस्टन्स जगात दुसऱ्या कोणालाच दिसत नसतो. ६४ हजार तिथे शोधू नकोस. चार्ट डॉलरच्या जोडीवर काढ, सौदा हवं तर रुपयात कर.

आणि पंचवीस हजारांचा बॉक्स विसर. स्पॉटवर प्रत्येक विक्रीला १ टक्का टीडीएस कापला जातो. लाखाच्या दहा विक्र्या केल्यास तर दहा हजार रुपये विवरणपत्राचा हिशेब होईपर्यंत अडकून पडतात. त्याहून वाईट म्हणजे तोटा वजा करता येत नाही. एका सौद्यात दहा हजार फायदा, पुढच्यात दहा हजार तोटा, हातात शून्य, तरी ३० टक्के कर आणि त्यावर सेस मिळून ३,१२० रुपये भरायचे. लहान बॉक्सवर भाव दोन्ही बाजूंनी झोडपतो तेव्हा हेच होतं.

आंबोली_घाट
एवढा खल कशाला? टक्क्यात बॉक्स घ्या. १,००० डॉलर म्हणजे भाव २० हजार असताना ५ टक्के आणि ६४ हजारांवर जेमतेम दीड टक्का, मग जुना आणि नवा चार्ट एका मापाचा राहतच नाही. १ टक्क्याचा बॉक्स सगळीकडे सारखा.

गुहागर_चढण
लांब पल्ल्याला हे बरोबर. पण धागा लेव्हल मोजण्याचा आहे. टक्क्याच्या शिडीच्या पायऱ्या कुठे पडतात ते पहिली पायरी कुठे ठेवली त्यावर ठरतं. ५०,००० पासून १ टक्क्याने चढत गेलात तर पंचविसावी पायरी ६४,१२२ ला येते. ४०,००० पासून चढलात तर त्या आसपासच्या पायऱ्या ६३,८५१ आणि ६४,४८९. आता तिसऱ्या दिवसाचा ६४,२०० चा हाय बघा. पहिल्या शिडीवर तो ६४,१२२ च्या पायरीला टेकतो, दुसऱ्या शिडीवर ६३,८५१ लाच अडतो. चार्टची सुरुवातीची तारीख मागेपुढे केली की रेझिस्टन्स सरकतो, ही कसली लेव्हल? लोकांच्या ऑर्डरी ६४ हजार, ६५ हजार अशा गोल आकड्यांवर लागतात. लेव्हल मोजायची असेल तर ठरावीक डॉलरचाच बॉक्स हवा.

देवगड_पवनचक्की
मग १,००० बरोबर कशावरून? ८०० का नाही, १,५०० का नाही?

मिऱ्या_बंदर
रोजचाच डेटा वापरणार असाल तर आधी रोजची रेंज काढा, हाय वजा लो. तुमच्या सहा दिवसांची आहे २,४००, ३,५००, ३,४००, ३,२००, ३,०५० आणि ४,४००. मधला आकडा ३,३०० येतो. तुमचं रिव्हर्सल ३,००० चं, म्हणजे साधारण दिवसाच्या हालचालीपेक्षाही लहान. दोन्हीकडची हालचाल एकाच दिवसात होऊन एक बाजू गळायची शक्यता इथेच तयार होते. प्रत्यक्षात सहाऐवजी निदान वीस दिवस घ्या, आणि तीन बॉक्स मिळून मधल्या आकड्याच्या बरेच वर जातील असा बॉक्स धरा. इथे १,५०० बसतो: तीन बॉक्सचे ४,५००.

गुहागर_चढण
आणि मग काय होतं तेही सांगा. १,५०० वर पहिल्या दिवशी ६४,५०० चा एक्स पडतो. पुढचा एक्स ६६,००० ला, उलटायला ६०,००० लागतात. सहा दिवसांत दोन्हीपैकी काहीच आलं नाही. एकच कॉलम. ब्रेकआउट नाही, रेझिस्टन्स नाही, मोजायलाच काही नाही. चारदा, दोनदा, तीनदा, आणि आता एकदाही नाही.

मिऱ्या_बंदर
त्या सहा दिवसांचं तेच उत्तर मला पटतं. भाव ६०,४०० आणि ६५,१०० यांच्या मध्ये घुटमळत होता.

कर्लीकाठ
मला नाही पटत. १,५०० वर स्टॉप कुठे लावणार? शेवटच्या ओच्या एक बॉक्स खाली म्हणावं तर ओच नाहीत. १,००० वर निदान ६० हजार म्हणून लिहिता तरी येतो. मी बॉक्स १,००० चाच ठेवून डेटा तासाचा घेईन, आणि ६५ चा एक्स पडला तरी पुढचे काही तास ६२ ला रिव्हर्सल येतंय का ते बघून मगच घेईन.

गुहागर_चढण
"पुढचे काही तास" म्हणालास ना? वेळ परत आली.

कुडाळचो_बाबलो
डॉलरचो चार्ट उघडलंय. पण माझ्या अ‍ॅपार दिवस मध्यरात्रीक बदलता, साडेपाचाक नाय. हाय-लो तुमच्याशी जुळणत नाय.

मिऱ्या_बंदर
सेटिंगमध्ये टाइम झोन यूटीसी करून बघ. ते करूनही दिवस हलला नाही तर त्या अ‍ॅपवरून रोजचे आकडे घेऊ नकोस, तासाचे घे.