अभिप्रायात उपायाऐवजी अडचण लिहावी

«डिझायनरने चौथ्यांदा मसुदा बदलला, तरी मनासारखे होत नाही. अभिप्राय लिहावा तरी कसा?»

डिचोलीतील आमच्या होमस्टेच्या संकेतस्थळाचा पहिला मसुदा आला, तेव्हा मी ‘वरचा भाग उठावदार करा’ एवढेच कळवले होते. डिझायनर ताईंनी आधी अक्षरे मोठी केली, मग रंग बदलला, आणि दोन फेऱ्या होऊनही मूळ अडचण तशीच राहिली. तिसऱ्या वेळी मी मोबाइलवर स्क्रीनशॉट घेतला, नेमक्या जागी खूण केली आणि लिहिले, “नदीच्या फोटोवरील ‘खोली आरक्षित करा’ ही पांढरी अक्षरे अंगणातल्या उन्हात वाचता येत नाहीत.” त्यावर त्यांनी फोटोवर गडद थर देऊन अक्षरे व पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट ४.५:१ या प्रमाणाच्या वर नेला. साध्या आकाराच्या मजकुरासाठी सुगम्यतेच्या निकषांत हीच किमान मर्यादा आहे. हा उपाय मला सुचलाच नसता.

घरातील प्रत्येकाचे मत मात्र स्वतंत्र संदेशाने पाठवू नये. आमच्याकडे भावाला बटण हिरवे हवे होते आणि वहिनीला केशरी. तो वाद आम्ही घरीच मिटवला आणि ठरलेला रंग एकाच ईमेलमध्ये कळवला.