मदत हवी आहे: वाळूच्या ॲनिमेशनमध्ये पांढरा बगळा उडवायचा आहे

शेवरी
नमस्कार. ४० सेकंदांची वाळूची फिल्म करायची आहे, संवाद नाहीत. भाताच्या खाचरात थेंब पडतो, वलय उठतं, वलयाचा बगळा होतो, तो उडतो आणि पंखांनी सगळी चौकट भरून जाते. खालून उजेड, वर स्टँडला उलटा लावलेला फोन. सेकंदाला १२ चित्रं म्हणजे ४८० चित्रं. हातात दहा दिवस आहेत, रोज चार तास.
चाचणीत दोन गोष्टी बिघडल्या. बगळा हलवला की मागचं आभाळ उकळल्यासारखं दिसतं, आणि एकूण उजेड लुकलुकतो. वाळू सोडून काचेवर रंगात करू का?

रानजाई
स्टेजवर करताय ना? मग गाण्याच्या ठेक्यावर हात बसवा, वाळू मुठीतून धारेने सोडायची सवय लागते. आमच्याकडे स्नेहसंमेलनात असाच कार्यक्रम ठेवायचाय, टेबल केवढं लागेल कुणी सांगेल का?

शेवरी
स्टेजवर नाही हो. वाळू थोडी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, असं आहे हे.

पारा
लुकलुकणं फोनच्या ऑटोमुळे. स्क्रीनवर बोट दाबून धरा, एक्सपोजर आणि फोकस लॉक होतात, प्रश्न मिटला. शिवाय काच नको, फुटते. दुधी ॲक्रिलिकवर थेट वाळू टाका, उजेडही छान पसरतो.

गेरू
पारा यांचं निदान बरोबर आहे, पण उपाय अर्धाच. बोट दाबून व्हाइट बॅलन्स बऱ्याच फोनमध्ये लॉक होत नाही. वाळू वाढली की फोन रंग बदलतो आणि पिवळट-निळसर हेलकावे दिसतात. सगळं हाताने ठरवता येईल असं ॲप घ्या: आयएसओ सगळ्यात कमी, व्हाइट बॅलन्स ठरावीक, शटर १/१० सेकंद. चित्र स्थिरच असतं, त्यामुळे शटर संथ असलं तरी बिघडत नाही, आणि स्वस्त एलईडीची सूक्ष्म लुकलुक त्यात विरून जाते. बटण फोनवर दाबू नका, ब्लूटूथ रिमोट वापरा. एवढं करूनही लुकलुकलं तर स्वतःकडे बघा. फिकट शर्ट घालून वाकलात की त्याचा उजेड काचेत पडतो, आणि प्रत्येक फोटोला तुम्ही वेगळ्या जागी उभे असता. काळा शर्ट, खोलीत अंधार, फोटोच्या वेळी ठरलेल्या जागी उभं राहायचं.

ॲक्रिलिकवर थेट वाळू मात्र नको. ब्रशने घासलं की त्यावर स्थिर वीज तयार होते, बारीक कण चिकटून बसतात आणि पुसलेल्या जागी करडी धूळ राहते. दुधी ॲक्रिलिक खाली ठेवा, वर ५ मिमीची साधी काच, कडा दुकानातूनच घासून घ्या. दिवे ॲक्रिलिकपासून १५ सेंमी तरी खाली हवेत, नाहीतर प्रत्येक दिव्याचा ठिपका दिसतो.

आता आभाळ. तुमचा बगळा पांढरा, म्हणजे खालच्या उजेडात तो वाळू नसलेली जागा. प्रत्येक चित्रात तुम्ही पुढची कड बोटाने पुसता आणि मागे मोकळी झालेली जागा नव्या वाळूने भरता. ती भर आधीच्या थराइतकी जाड कधीच पडत नाही. करडं आभाळ हे पातळ थरामुळेच करडं असतं, त्यामुळे जाडीतला केसाएवढा फरकसुद्धा उजेड बनून दिसतो. तेच तुमचं उकळणं.

यातून दोन वाटा आहेत. पहिली, आभाळ पूर्ण काळं करा. थर इतका जाड घाला की त्यातून उजेड येतच नाही. मग वर आणखी वाळू पडली तरी काळं ते काळंच राहतं. भर घालताना चहाची गाळणी वापरा, बोटाने हलकी टिचकी मारली की वाळू सारखी पडते. दुसरी, पक्षीच बदला. पाणकावळा काळा असतो, वाळूचा पक्षी मोकळ्या उजळ आभाळात उडेल आणि मागे भरायचं काही राहणार नाही, फक्त पुसायचं. वेळ जवळजवळ निम्मा लागतो.

शेवरी
बगळाच हवा, खाचरात तोच असतो. पण आभाळ काळं म्हणजे रात्र वाटेल ना? आणि वेळ कसा धरू?

गेरू
रात्र वाटेलच असं नाही, पावसाळी अंधार वाटेल. खाली खाचराच्या पाण्याची पातळ, उजळ पट्टी ठेवा. ती उकळली तरी पाणीच आहे.

वेळेचं असं बघा. ४८० चित्रांना सरासरी तीन मिनिटं धरली तर २४ तास, म्हणजे तुमचे सहा दिवस. पण बगळ्याच्या चित्रात पुसणं आणि भरणं दोन्ही आहे, तिथे सहा मिनिटं धरा. पंखांची एक फडफड सहा चित्रांत बसवा, म्हणजे अर्धा सेकंद. पंख पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना चित्रं जवळजवळची, मधल्या टप्प्यात लांबलांबची. उड्डाण पाच सेकंदांचं ठेवलं तर ६० चित्रं, सहा तास. उरलेली ४२० तीन मिनिटांनी २१ तास. एकूण २७. तुमच्याकडे ४० आहेत, म्हणजे एक दृश्य पुन्हा करण्यापुरती सवड आहे.

ती सवड कुठे वापरता येईल, ते आधीच ठरवा. वाळूत मागे जाता येत नाही, मागचं चित्र तुम्ही स्वतःच मोडलेलं असतं. २०० व्या चित्रात चूक दिसली तर शेवटच्या मोकळ्या काचेपासून पुन्हा. तुमच्या कथेत वलय बाहेर सरकून चौकटीबाहेर गेलं की क्षणभर काही उरत नाही, तिथे काच पूर्ण पुसून घ्या. त्या जागी फिल्म दोन भागांत तुटते आणि तुटलेली दिसत नाही.

पारा
पण वलयातूनच बगळा व्हायचाय ना? काच पुसली तर ते रूपांतरच जाईल.

गेरू
खरं आहे, हे माझ्याकडून सुटलं. मग दोन वलयं करा. पहिलं विरून जाऊ दे, काच पुसा, थर घाला, दुसऱ्या वलयाचा बगळा करा.

शेवरी
हे जमेल. वाळू कुठली घेऊ? नदीची चाळून घेतली होती, कडेला तपकिरी दिसते.

कालवण
नदीच्या वाळूत स्फटिकाचे कण असतात, त्यांतून उजेड झिरपतो, म्हणून तपकिरी. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं. तो कण अपारदर्शक, त्यामुळे पातळ थरही काळा दिसतो, आणि जड असल्याने श्वासाने सहज उडत नाही. समुद्राची असेल तर गोड्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा धरतं आणि गाळणीतून वाळू गोळ्यांनी पडते. धुतल्यावर कढईत कोरडी परता, गार झाल्यावरच काचेवर टाका.

गेरू
मात्र काळ्या वाळूत करड्या छटा अवघड जातात. पाण्याच्या पट्टीसाठी नदीचीच ठेवा, दोन डबे वेगळे.

मोरपंखी
रंगाचं कुणी बोललंच नाही. पोस्टर कलरमध्ये ग्लिसरीन मिसळा, तासन्‌तास ओला राहतो. पांढरा बगळा रंगात सोपा.

गेरू
खालच्या उजेडात पांढरा रंगही काळाच दिसतो, उजेड अडवतो ना. तिथेही बगळा पुसूनच काढावा लागेल. वरून उजेड दिला तर पांढरा दिसेल, पण मग काचेतली प्रतिबिंबं सांभाळा. आणि पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, कडा ओघळतात.

मोरपंखी
थेंबांचं प्रमाण कमी ठेवलं तर ओघळत नाही.

गेरू
कमी ठेवलं तर पंख्याशिवायही दुपारपर्यंत सुकतो. तेलरंगाने हा त्रास टळतो, पण पुसताना तवंग राहतो.

शेवरी
वाळूच ठरवते. उद्या काळ्या आभाळावर एकच फडफड, सहा चित्रं, करून बघते. सहा मिनिटांत एक चित्र होतं का तेही कळेल.