उत्तर: आकडा नको, काम काय ते विचार

«खानापूरहून रोज बेळगावला उद्यमबागला जातो, सीएनसी ऑपरेटर आहे, हातात १६ हजार. चाकणला २३ देतात म्हणे. जावं काय?»

भावा, ते २३ हातात येतात की सीटीसी आहे, हे आधी विचार. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो. मला चाकणला असेच २३ सांगितले होते, हातात साडेएकोणीस आले. तिघांत खोली साडेतीन, मेस चार, बस, मोबाईल आणि सणाला गावी येणं धरून दोन. उरले दहा. खानापूरला तिकीट आणि चहा वजा जाता तुझे चौदा उरतात, शिवाय भाकरी आईच्या हातची.

तरी मी गेल्याचा पश्चात्ताप नाही, पण त्याचं कारण पगार नाही. पहिल्या ठिकाणी आठ महिने नुसतं जॉब लाव, बटण दाब, जॉब काढ. मशीनचं सेटिंग सेटरच करायचा, ऑफसेटला हात लावला की ओरडा. तिथं पाच वर्षं काढली असती तरी ऑपरेटरच राहिलो असतो. मग एका छोट्या जॉब शॉपमध्ये गेलो. पगार हजारानं कमी, पण ड्रॉइंग वाचून टूल लावणं, वर्क ऑफसेट घेणं, पहिला पीस मायक्रोमीटरनं तपासणं सगळं माझ्याकडं. दोन वर्षांनी सेटर म्हणून उद्यमबागलाच परतलो.

मुलाखतीत एवढंच विचार: नवीन जॉब आला की मशीन सेट कोण करतं? ‘सेटर आहे आमच्याकडं’ म्हणाले आणि त्याच्या हाताखाली शिकवायचं नाव काढलं नाही, तर खानापूरची बसच बरी.